आकडा तेवढा सांगा

भुशीच्या अण्णांना इन्कम टॅक्सबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : किती बसेल? बाकीच्या चौकशा त्यांना भोचकपणाच्या वाटतात. उत्पन्न कुठकुठून येतं, वय काय, विमा किती, जुन्या पद्धतीनं रिटर्न भरायचं की नव्या, यातलं काहीही विचारलं की ते खुर्चीत मागे रेलतात, टोपी गुडघ्यावर ठेवतात आणि समजुतीच्या सुरात म्हणतात, "ताई, ते सगळं मागाहून बघू. तुम्ही आकडा तेवढा सांगा. अंदाजे."

लोणावळ्याच्या बाजारात माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. जानेवारी उजाडला की असे अण्णा येऊ लागतात. कुणी तुंगार्लीहून येतो, कुणी वळवणहून, कुणी थेट कार्ल्याहून. चेहरे वेगळे, प्रश्न तोच. म्हणून इथले अण्णा म्हणजे कुणी एक माणूस समजू नका. पण भुशीची माणसं या जातीत जरा उजवी. पावसाळ्यात धरणाच्या पायऱ्यांवर अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं येऊन बसतं, आणि शनिवार-रविवारी त्यांना कणीस, भजी, चहा, पार्किंग आणि खोली पुरवता पुरवता इथल्या माणसाला एक सवय लागते : पैसे कुठून आले याचा हिशेब ठेवायचा नाही, आले एवढं बघायचं.

अण्णा जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना टॅक्सशी त्यांचा संबंध फेब्रुवारीच्या पगारापुरता. तेव्हा हेडक्लार्क काय ते कापायचा आणि अण्णा त्याला दोन दिवस शिव्या घालायचे. आता कापणारा कुणी उरला नाही, म्हणून शिव्या घालायला माणूस शोधत ते माझ्यापर्यंत आले असावेत.

"वर्षाला साधारण बारा लाख धरा," ते यंदा फेब्रुवारीत आल्या आल्या म्हणाले. "बारापर्यंत माफ आहे ना? मग शून्य. बरोबर?"

बारा लाखांची ही बातमी निर्मलाबाईंच्या २०२५ च्या बजेटपासून मावळातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचली आहे. बातमी खोटी नाही, अर्धी आहे. अण्णांना ते पटावं म्हणून मी त्यांचेच बारा लाख तीन वेळा मांडून दाखवले. हे बारा लाख सगळे पेन्शनचे असले आणि नव्या पद्धतीत हिशेब केला तर टॅक्स शून्य. तेच पेन्शनचे बारा लाख, माणूस साठीच्या आतला, पद्धत जुनी आणि गुंतवणूक काही नाही, तर १,६३,८०० रुपये. आणि हे बारा लाख शहरी जमीन विकून झालेला नफा असेल, दुसरं उत्पन्न काही नसेल, तर नव्या पद्धतीतही १,०४,००० रुपये.

अण्णांनी तिन्ही आकडे नीट वाचले. "यातला कमी कोणता? पहिला ना? तोच द्या."

यावर त्यांना त्यांच्याच घरातला दाखला द्यावा लागला. अण्णांचा पुतण्या पर्यटकांना बंगले भाड्यानं मिळवून देतो, आणि तो फिरतीवर असला की फोन अण्णा उचलतात. समोरचा मुंबईकर विचारतो, "बंगल्याचा रेट काय?" तेव्हा अण्णा रेट सांगतात का? अजिबात नाही. किती माणसं, शनिवार की मधला वार, स्विमिंग पूल पाहिजे का, जेवण आमचं की तुमचं, सोबत लेडीज आहेत का, रात्री गाणी लावणार का, अशी सरबत्ती झाल्याशिवाय तोंडातून आकडा निघत नाही. मी म्हटलं, "अण्णा, तो बिचारा अंदाजेच मागतो की."

"तो बाहेरचा माणूस," अण्णा म्हणाले. "मी गावातला."

आता यात हट्ट किती आणि भीती किती, याचा मी बराच विचार केला आहे. अण्णा सरकारला घाबरत नाहीत. सरकार दिल्लीला असतं. ते घाबरतात माझ्या ऑफिसातल्या बाकड्याला. त्या बाकड्यावर नेहमी चार माणसं बसलेली असतात, त्यातला एक तरी भुशीचा असतो आणि एक तरी अण्णांच्या नात्यातला. तिथं उत्पन्नाचा तपशील सांगणं म्हणजे देवळात भोंग्यावर सांगणं. एफडी किती हे बाकड्याला कळलं की आठवड्याच्या आत कुणीतरी मुलाच्या गाडीसाठी उसने मागायला येतो. टॅक्सचा आकडा मात्र कुणीही ऐकला तरी चालतं. उलट तो मोठा असला तर थोडा मानच मिळतो.

थेट प्रश्नाला अण्णा उत्तर देत नाहीत हे एकदा लक्षात आल्यावर मी विचारणं सोडलं. चहा मागवते आणि त्यांना तक्रार करू देते. अण्णांच्या प्रत्येक तक्रारीखाली एक उत्पन्न दडलेलं असतं.

यंदाची पहिली तक्रार महागाई भत्त्याची होती. वाढतो म्हणतात, पण हातात दिसत नाही, चाळीस हजारांत काय होतं आजकाल. झालं, महिन्याला ४०,००० पेन्शन, वर्षाचे ४,८०,०००. मी लिहून घेतल्याचं पाहून ते दचकले. "पेन्शन कसली धरता? ती तर आमचीच साठवलेली!" पेन्शन पगारातच धरली जाते आणि पगारदाराला मिळते तशी ७५,००० रुपयांची सरसकट वजावटही तिला मिळते, हे सांगितल्यावर त्यांना निम्मंच वाईट वाटलं.

दुसरी तक्रार बँकेची. निवृत्तीच्या वेळी मिळालेले तीस लाख त्यांनी मुदत ठेवीत टाकले आहेत. "मी व्याजाला हातसुद्धा लावत नाही ताई, व्याज परत ठेवीतच जातं. तरी बँकेनं एकवीस हजार चार्ज लावला!" तो चार्ज नव्हता. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज २,१०,००० होतं, आणि त्यावर बँकेनं दहा टक्के टीडीएस कापून अण्णांच्या पॅनवर सरकारजमा केला होता. व्याज हातात घेतलं की नाही याला टॅक्सात किंमत नाही. खात्यावर जमा दाखवलं की ते उत्पन्न. अण्णांना हे अन्यायाचं वाटतं, आणि हा अन्याय फक्त आपल्यावरच होतो असंही वाटतं. पण हे एकवीस हजार त्यांचेच आहेत, हिशेबात वळते होतील, हे ऐकून त्यांनी चहाचा दुसरा कप मागितला.

तिसरी तक्रार भाडेकरूची. एका हॉटेलात काम करणारा पोरगा मागच्या दोन खोल्यांत राहतो, लाइटबिल वेळेवर देत नाही. भाडं महिन्याला १५,०००. "पण ते मी घेत नाही. ते हिच्या हातात जातं, घरखर्चाला." घर अण्णांच्या नावावर, घरपट्टी अण्णांच्या नावावर, भाडेकराराखाली सही अण्णांची. भाडं घरात कुणाच्या हातात पडतं हे कायदा विचारत नाही. वर्षाचे १,८०,०००, त्यातून दुरुस्ती वगैरेसाठी तीस टक्के सरसकट वजा, राहिले १,२६,०००. लाइटबिलाची पावती असो नसो, तीस टक्के मिळतातच, हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "मग चाळीस धरा ना."

चौथी तक्रार मुलाची, आणि ती जरा हळू आवाजात. पावसाळ्यात मुलगा धरणाच्या वाटेवर कणसं आणि भजी विकतो. त्यानं गाड्यावर जो क्यूआर कोड लावला आहे तो बापाच्या खात्याचा. म्हणजे जुलैच्या रविवारी कुणा घाटकोपरच्या काकांनी दिलेले साठ रुपये थेट अण्णांच्या पेन्शनच्या खात्यात येऊन पडतात. अशा जमा रकमांनी पासबुकाची पानंच्या पानं भरली होती. धंदा मुलाचा, कष्ट मुलाचे, मग उत्पन्नही त्याचंच आणि रिटर्नही त्याचंच. छोट्या धंद्याला ऑनलाइन आलेल्या रकमेच्या सहा टक्के नफा धरून चालतं, तेव्हा त्याला टॅक्सही बसणार नाही. पण कुणी उद्या अण्णांचं खातं उघडून बघितलं तर त्याला कणसं दिसत नाहीत, नुसते पैसे दिसतात. मी म्हटलं, पोराच्या नावाचा क्यूआर आधी लावा. अण्णा म्हणाले, "मग मला कसं कळणार तो किती कमावतो?"

पेन्शन, व्याज आणि भाडं मिळून इथपर्यंत बेरीज झाली ७,४१,००० रुपये. नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या ३,४१,००० वर पाच टक्के म्हणजे १७,०५०. आणि एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत, म्हणून हे १७,०५० पूर्ण माफ. शून्य! वर बँकेनं कापलेले २१,००० परत.

"मी काय म्हणत होतो?" अण्णा बाकड्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले.

आता वय. अण्णांनी साठी गाठली असं ते मला वर्षभर सांगत आहेत. घरी साठीशांत झाली, जावयाला कपडे झाले. आईच्या सांगण्याप्रमाणे त्यांचा जन्म पाकिस्तानच्या लढाईच्या वर्षी, म्हणजे १९६५ चा, आषाढातला. पण पॅन कार्डावर जन्मतारीख आहे १ जून १९६६. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालायला गेलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची आणि गुरुजींना शाळा उघडायची घाई असायची. गुरुजींच्या या तारखेमुळे अण्णांना नोकरीत जवळजवळ वर्षभराची वाढ मिळाली. अठ्ठावन्न पूर्ण होऊन ३१ मे २०२४ ला ते निवृत्त झाले, आणि त्या दिवशी त्यांच्या खात्यात सत्काराचे नारळ कमी पडले, इतकी माणसं एकदम निवृत्त झाली. तेव्हा गुरुजींना दुवा देणारे अण्णा आता त्यांना नावं ठेवतात. कारण ज्येष्ठ नागरिक धरायचं तर आर्थिक वर्षात कधीतरी साठ पूर्ण व्हावी लागतात, आणि कागदावरचे अण्णा साठ पूर्ण करणार १ जून २०२६ ला. म्हणजे ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षात ते एकोणसाठच.

"काय फरक पडतो दोन महिन्यांनी?" या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागतं. नव्या पद्धतीच्या दरांत वयाला काहीच स्थान नाही, तिशीचा आणि ऐंशीचा माणूस एकाच पट्टीनं मोजला जातो. जुन्या पद्धतीत मात्र साठीनंतर अडीचऐवजी तीन लाखांपर्यंत टॅक्स नसतो आणि ठेवींच्या व्याजातून ५०,००० वजा होतात. विमा एजंटानं अण्णांना "टॅक्ससाठी" म्हणून साठ हजारांचे हप्ते गळ्यात बांधले आहेत, आरोग्य विम्याचे पंचवीस हजार आहेत. हे दोन्ही जुन्या पद्धतीतच वजा होतात. तसं करून पाहिलं तर सरसकट वजावट तिथं ५०,००० चीच, आणि करपात्र उरतात ६,८१,०००. साठीच्या आतल्या माणसाला यावर सेससकट ५०,६४८ रुपये बसतात. साठी खरंच झाली असती तर ३७,६४८. आणि नव्या पद्धतीत शून्य. एवढ्यासाठी विमा, वय आणि पद्धत हे तिन्ही प्रश्न विचारले होते. अण्णांनी फक्त "एजंटानं फसवलं" एवढंच ऐकलं. विमा विमा म्हणून वाईट नव्हता, टॅक्स वाचवायला म्हणून घेतला हे चुकलं.

वयाचा दुसरा तुकडा पुढे येतो, कारण पाचवी तक्रार अजून बाकी होती.

ती भावांची होती. भावांच्या तक्रारीला सुरुवात आणि शेवट नसतो, त्यामुळे नेमकं काय झालं हे कळायला तिसरा चहा लागला. डोंगराखालची भाताची वडिलोपार्जित जमीन चौघा भावंडांनी मिळून डिसेंबरच्या अखेरीस १८ लाखांना विकली होती. गावाचं नाव लिहीत नाही, भाऊबंदकी अजून गरम आहे. अण्णांच्या वाट्याचा साडेचार लाखांचा चेक पासबुकात कणसांच्या गर्दीत गुपचूप उभा होता.

"हे सांगितलं नाहीत तुम्ही?"

"ते काय उत्पन्न आहे का? वडिलांचं होतं, मोडलं. आणि खेड्यातली शेती, तिला टॅक्स नसतो. थोरल्यानं सगळ्यांना विचारून घेतलंय."

थोरल्यानं ज्यांना विचारलं त्यांनी अर्धं बरोबर सांगितलं होतं. खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा प्रश्नच येत नाही, कायद्याच्या लेखी ती भांडवली मालमत्ताच नव्हे. पण खेडं कशाला म्हणायचं हे ग्रामपंचायत ठरवत नाही. जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांच्या वर आणि एक लाखाच्या आत असेल तर तिच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली शेतजमीन टॅक्सासाठी शहरी धरतात. एक लाखाच्या वर सहा किलोमीटर, दहा लाखांच्या वर आठ. लोणावळा नगरपरिषद पहिल्या गटातली, म्हणून दोन किलोमीटर. आणि हे अंतर रस्त्यानं मोजायचं नाही. २०१३ च्या दुरुस्तीपासून ते हवाई अंतर आहे, कावळा उडेल तसं.

अण्णा खूश झाले. "मग सुटलो! शेतावर जायला पाच किलोमीटर पडतात. धरणाला वळसा घालून जावं लागतं."

मावळात कावळा आणि माणूस यांच्यात नेहमी असाच फरक पडतो. रस्ता डोंगराच्या कडेकडेनं, ओढ्याला वळसा घालून, कुणाच्या तरी बंगल्याचं कुंपण चुकवत जातो, कावळा सरळ जातो. मी गट नंबर घेऊन नकाशावर हद्दीपासून शेताच्या बांधापर्यंत रेघ ओढली. दीड किलोमीटरच्या आसपास आली. फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर कुणी रिटर्न भरू नये, म्हणून अण्णांना वडगावला भूमी अभिलेखच्या कार्यालयात पाठवलं. तिथून हद्दीचा नकाशा घेऊन ते परतले तेव्हा आकडा फारसा हलला नव्हता. रेघ दोनच्या पलीकडे गेली असती तर अण्णांचा हिशेब तिथंच मिटला असता : टॅक्स शून्य, परतावा २१,०००.

आता नफा काढायचा. जमीन वडिलोपार्जित, त्यामुळे १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. अण्णांच्या वाट्याची ती ५०,००० निघाली. साडेचार लाखांतून पन्नास हजार गेले, नफा चार लाख. यावर साडेबारा टक्क्यांनी ५०,०००. जमीन २३ जुलै २०२४ च्या आधीची असल्यानं महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी काढायचीही मुभा आहे आणि दोन्हींत जो कमी तो भरायचा. पन्नास हजारांना ३७६ च्या निर्देशांकानं वाढवलं की १,८८,००० होतात, नफा उरतो २,६२,००० आणि टॅक्स होतो ५२,४००. तेव्हा पहिलाच बरा.

"पण सगळं मिळून बारा लाखांच्या आतच आहे की!" अण्णा म्हणाले. हिशेब बरोबर होता. ७,४१,००० आणि चार लाख, एकूण ११,४१,०००. मीसुद्धा हीच घटका टाळत होते. बारा लाखांची माफी नेहमीच्या दरानं बसणाऱ्या टॅक्सालाच आहे, जमिनीच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला ती पोचत नाही. १७,०५० माफ, ५०,००० कायम. चार टक्के सेस धरून ५२,०००. त्यातून बँकेनं कापलेले एकवीस हजार वजा, राहिले ३१,०००.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांना एक चांगला प्रश्न सुचला, जो मला बाकड्यासमोर नको होता. "थोरल्याला किती बसेल?"

थोरला आयुष्यभर शेतीच करत आला. भाताचं उत्पन्न करमुक्त, पेन्शन नाही, ठेवी नाहीत. त्याचा नफाही चार लाख. दुसरं करपात्र उत्पन्नच नसल्यानं त्याला नव्या पद्धतीतली पहिली चार लाखांची सूट या नफ्यावर वापरता येते. त्याला शून्य बसतो.

"म्हणजे एकाच बापाची जमीन, एकाच दिवशी विकली, एकाच रकमेचा चेक," अण्णा बोटं मोडत म्हणाले, "आणि मी शिकलो, नोकरी केली, म्हणून बावन्न हजार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण अण्णांनी पहिल्यांदाच स्वतःहून एक गोष्ट ओळखली होती : टॅक्स रकमेला नुसता बसत नाही, रकमेच्या शेजारी कोण उभं आहे तेही तो पाहतो. भारतात इन्कम टॅक्स पहिल्यांदा आला तो १८६० साली, सत्तावनच्या बंडानं रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सनसाहेबानं आणलेला. तेव्हाही त्या कायद्यानं उत्पन्नाचे कप्पे वेगळे केले होते. आज पाच कप्पे आहेत : पगार, घर, धंदा, भांडवली नफा आणि इतर. अण्णांनी धंद्याचा कप्पा मुलासाठी सोडून बाकीचे चारही भरले आहेत, आणि तरी ते स्वतःला साधा पेन्शनर म्हणवतात.

एक सुटका शिल्लक होती. जमिनीचा नफा विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या कलम ५४ईसीच्या रोख्यांत गुंतवला तर त्यावरचा टॅक्स माफ होतो, नव्या पद्धतीतही. पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज ठेवीपेक्षा कमी आणि तेही करपात्र. चार लाख तिथं ठेवले तर बावन्न हजार वाचतात आणि एकवीस हजार परत येतात. मी हे सांगेपर्यंत अण्णांचा चेहरा उजळला होता, मग मावळला. साडेचार लाखांतले सव्वातीन गच्चीच्या स्लॅबला लागले होते. "अजून दोन खोल्या काढतोय. पोरगं म्हणतं, विकेंडला जातील."

मी डोळे मिटून घेतले. पुढच्या वर्षीची तक्रार बांधकामाला लागली होती.

आता वयाचा तो दुसरा तुकडा. धंदा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला अॅडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही, रिटर्नच्या वेळी भरला तरी चालतो. अण्णा कागदावर एकोणसाठचे. टीडीएस वजा जाऊन दहा हजारांपेक्षा जास्त टॅक्स निघतो आहे, म्हणून त्यांना शेवटचा हप्ता १५ मार्चच्या आत भरणं भाग होतं, नाहीतर व्याज. जमीन डिसेंबरच्या हप्त्यानंतर विकली गेली, म्हणून आधीचे हप्ते चुकल्याचं व्याज या नफ्यावर लागत नाही, हाच काय तो गुरुजींच्या तारखेवर उतारा.

अण्णांनी शेवटचा प्रयत्न केला. "एक एप्रिलपासून नवा कायदा येतोय म्हणतात. मग जुन्या कायद्याचं आता कशाला भरायचं?" पेपर ते नीट वाचतात. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो हे खरं, पण ३१ मार्चपर्यंतच्या कमाईचा हिशेब १९६१ च्याच कायद्यानं होतो. जाणारा कायदा कुणाची उधारी माफ करून जात नाही.

मग ते उठले, टोपी घातली, आणि दारातून वळून म्हणाले, "एकतीस हजार. हे तुम्ही आधीच सांगितलं असतं तर तीन चहा वाचले असते."

यंदा १५ मार्च रविवारी येत होता, आणि रविवारी भुशीच्या माणसाला वेळ नसतो, म्हणून अण्णांनी शुक्रवारीच पैसे भरले. मुलाच्या फोनवरून, क्यूआरच्या त्याच खात्यातून. पावतीवरचं कर निर्धारण वर्ष बरोबर आहे ना, तेवढं मी बघून घेतलं. ते चुकलं की भरलेले पैसे भलत्याच वर्षात जाऊन बसतात आणि नोटीस मात्र योग्य वर्षाची येते.

मावळातल्या बाकीच्या अण्णांना सांगणं एवढंच : या वर्षात शेत विकलं असेल तर नगरपालिकेच्या हद्दीपासूनचं हवाई अंतर आधी काढून घ्या, आणि ऑफिसात येताना पॅन कार्ड, वर्षभराचं बँकेचं स्टेटमेंट, खरेदीखत आणि विम्याच्या पावत्या सोबत आणा. बाकड्याची लाज वाटत असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये या, तेव्हा बाकडं रिकामं असतं.